भाड्याची वाढ आणि छतावरचा डाग

पत्र एका पानाचं होतं आणि त्यात कामाच्या ओळी तीनच होत्या. १ जानेवारी २०२६ पासून मासिक भाडं ८५,००० रुपये. दर बारा महिन्यांनी ७ टक्के वाढ. स्ट्रक्चरल दुरुस्ती मालकाकडे, बाकी सर्व दुरुस्ती वापरणाऱ्याकडे. खाली मालकांची सही, आणि मान्य असल्यास पंधरा दिवसांत कळवावं अशी विनंती.

पत्र ज्यांना आलं ते माझे जुने स्नेही. पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर त्यांचं चौदा माणसांचं ऑफिस आहे. ते स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे. असे करार वाचणं हा माझ्या कामाचा भाग असल्यानं त्यांनी पत्राचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘काका एकदम साडेसोळा टक्के वाढवतायत. काय करू?’ काका म्हणजे जागेचे मालक. निवृत्त गृहस्थ, कोथरूडला राहतात, दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात. आकडे मी सोयीसाठी गोल केले आहेत आणि ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे हलवले आहेत. हिशेब मात्र जसा झाला तसाच सांगतो.

आधीचा करार जानेवारी २०२१ चा. कोविडमुळे अर्ध्या इमारतीला कुलपं होती, त्यामुळे एक हजार चौरस फूट कार्पेट जागा महिना ६०,००० रुपयांत मिळाली. दरवर्षी पाच टक्के वाढ होत होत पाचव्या वर्षी भाडं ७२,९३० वर आलं होतं. तिथून ८५,००० म्हणजे खरंच साडेसोळा टक्क्यांची उडी. पण ६०,००० हा मंदीतला भाव होता, आणि त्या भावाचा फायदा पाच वर्षं घेऊन झालेला होता. काकांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ‘वाढ किती टक्के’ हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. प्रश्न असा होता की आज ही जागा रिकामी असती तर बाजारात तिला काय मिळालं असतं.

काकांचा पुरावा असा, की समोरच्या नव्या इमारतीत ९५ रुपये चौरस फुटाने जागा गेली. यावर पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कुठला फूट?’ हाच. आपल्याकडे व्यापारी जागांचे दोन फूट असतात. एक कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आत जिथं प्रत्यक्ष टेबल ठेवता येतं ते क्षेत्र. दुसरा सेलेबल किंवा सुपर बिल्टअप, ज्यात जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा चढवलेला असतो. आमच्या मित्राची जागा कार्पेटनं एक हजार आणि सेलेबलनं साडेतेराशे फूट भरते. तेच ८५,००० एका हिशेबानं फुटाला ८५ होतात आणि दुसऱ्या हिशेबानं ६३. ब्रोकर लोक समोरच्याला काय पटवायचं आहे त्याप्रमाणे फूट बदलतात.

समोरच्या इमारतीचा खरा व्यवहार शोधणं अवघड नव्हतं. नोंदणी झालेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराची सूची क्रमांक दोन नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. त्यात दस्ताचा प्रकार, रक्कम आणि क्षेत्रफळ असतं. ९५ चा आकडा खरा निघाला आणि तो कार्पेटवरचाच होता. मात्र त्या भाड्यात मेंटेनन्स धरलेला होता, हे तिथल्या ऑफिसात चहा पिऊन कळलं, कारण सूचीत असल्या अटी दिसत नाहीत. इथं मेंटेनन्सचे महिना सहा हजार आमचे मित्र वेगळे भरत होते. म्हणजे तुलना ९५ विरुद्ध ८५ अशी नव्हतीच, ९५ विरुद्ध ९१ अशी होती. समोर नवी लिफ्ट आणि पूर्ण जनरेटर बॅकअप, इकडे जुनी लिफ्ट आणि बॅकअप फक्त जिन्यातल्या दिव्याला. फुटामागे चार रुपयांच्या फरकात समोर जाता येतं, हे कागदावर मांडल्यावर काकांच्या ८५ ला धरून बसण्याचं कारण बरंच कमी झालं.

तरी मी मित्राला म्हणालो, पहिल्या ओळीवर फार जीव काढू नका. खरी रक्कम दुसऱ्या ओळीत आहे.

ही दुसरी ओळ म्हणजे वाढीची, बाजारात जिला एस्कलेशन म्हणतात ती. भाड्याच्या बोलण्यांत माणसं पहिल्या महिन्याच्या आकड्यावर तासभर घासाघीस करतात आणि वाढीचा टक्का ‘नेहमीप्रमाणे’ म्हणून सोडून देतात. पण ही वाढ चक्रवाढीनं चालते. यंदाचे ७ टक्के गेल्या वर्षीच्या वाढलेल्या भाड्यावर लागतात. ८५,००० पासून ७ टक्क्यांनी निघालं की पाचव्या वर्षी महिन्याला १,११,४१८ रुपये होतात आणि पाच वर्षांची बेरीज ५८ लाख ६६ हजारांच्या घरात जाते.

आता दोन सवलती शेजारी ठेवून पाहू. समजा काकांनी मोठ्या मनानं भाडं तीन हजारांनी उतरवलं आणि टक्का सातच ठेवला. ८२,००० पासून सुरुवात. पाच वर्षांत वाचतात २ लाख ७ हजार. उलट समजा काका ८५,००० वर अडून राहिले, पण टक्का सातावरून पाचावर आणला. वाचतात जवळपास २ लाख ३० हजार. पहिल्या दिवशी एक रुपयाही कमी न होता दुसरी सवलत मोठी ठरते. आणि खरी गंमत शेवटच्या महिन्यात आहे. पहिल्या पर्यायात पाचव्या वर्षीचं भाडं १,०७,४८५ असतं, दुसऱ्यात १,०३,३१८. पुढच्या नूतनीकरणाच्या बोलण्यांना सुरुवात याच शेवटच्या भाड्यावरून होते. त्यामुळे वाढलेला टक्का पाच वर्षांनी संपत नाही, तो पुढच्या कराराच्या पायात जाऊन बसतो.

आणखी एक पद्धत जुन्या पुणेकर मालकांना परिचयाची आहे, तीन वर्षांनी एकदम पंधरा टक्के. तीन पाचे पंधरा, म्हणजे वर्षाला पाचच झाले, असं दोन्ही बाजूंना वाटतं. पण ते तेवढंच होत नाही. ८५,००० तीन वर्षं स्थिर आणि नंतर दोन वर्षं ९७,७५०, याची बेरीज ५४ लाख ६ हजार. दरवर्षी पाच टक्क्यांनी तीच बेरीज ५६ लाख ३६ हजार. फरक पुन्हा २ लाख ३० हजारांचा. पाच वर्षांच्या मुदतीत तीन वर्षांनी येणारी वाढ एकदाच लागते, दुसरी लागेपर्यंत करार संपतो. काकांनी हे आमच्याआधी ओळखलं होतं. ते बँकेतून निवृत्त झालेले.

काकांची बाजूही सांगायला हवी, कारण ती काही लोभाची नव्हती. त्यांचं म्हणणं, ‘जागा विकून पैसे मुदत ठेवीत टाकले तर सात टक्के मिळतात. मग जागेनं मला पाच का द्यावेत?’ मित्रानं उत्तर दिलं, ‘काका, जागेची किंमतही वाढते, ती तुमचीच राहते. आणि ठेवीच्या पावतीला पावसाळ्यात डाग पडत नाहीत.’ काका हसले, पण टक्क्यावर लगेच उतरले नाहीत.

वाढीचा टक्का किती असावा हे अशा करारांसाठी कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद आहे, पण ती त्या कायद्याच्या संरक्षणाखालच्या भाडेकरूंसाठी. आज बहुतेक छोटी ऑफिसं लिव्ह अँड लायसन्सवर असतात. त्यांत वापरणारा भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो, आणि दोघांनी जे लिहिलं तेच चालतं. पाच टक्के हा केवळ रूढीनं बसलेला आकडा आहे. आणखी दोन शब्द इथंच तपासून घ्यावेत. वाढ फक्त भाड्यावर आहे की मेंटेनन्स आणि पार्किंगवरही? आणि आकडा जीएसटी धरून आहे की वगळून? व्यापारी जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ज्याला त्याचं क्रेडिट मिळतं त्याला हा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो, पण क्रेडिट न मिळणाऱ्या छोट्या संस्थेला किंवा दवाखान्याला तो जवळजवळ दोन महिन्यांच्या भाड्याइतका पडतो.

या सगळ्या पाच वर्षांच्या बेरजांना एक मोठी मेख आहे. करारात दोन्ही बाजूंना दोन महिन्यांच्या नोटिशीनं बाहेर पडता येत असेल, तर पाच टक्के वाढीचं वचन दोन महिन्यांपुरतंच असतं. बाजार चढला की मालक नोटीस देऊन नवा भाव मागू शकतात. म्हणून टक्का कमी करून घेताना मालकाकडून लॉक-इन मागायचा असतो, म्हणजे ठरावीक काळ मालकांनी जागा परत मागायची नाही. आपल्याकडच्या छापील मसुद्यांत लॉक-इन बहुधा वापरणाऱ्यावरच असतो. आमच्या मित्रानं तीन वर्षांचा दुतर्फी मागितला आणि काकांनी तो चटकन दिला. त्यांना तो फायद्याचाच होता. जागा रिकामी झाली तर नवा माणूस मिळेपर्यंत तीन-चार महिने जातात. तेवढ्या काळाचं भाडं, स्वतःच्या खिशातून मेंटेनन्स आणि ब्रोकरचा एक महिना असा खर्च चार लाखांवर जातो. मित्राचाही हलण्याचा खर्च याहून कमी नव्हता, कारण पार्टिशन आणि वायरिंग उचलून नेता येत नाही. दोघांनाही एकमेकांना सोडणं महाग होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

शेवटी भाडं ८४,००० आणि वाढ तेराव्या महिन्यापासून ५ टक्के असं ठरलं. काकांचा मान राहील एवढं वर, मित्राची बेरीज जमेल एवढं खाली. पाच वर्षांत ५५ लाख ७० हजार, म्हणजे मूळ प्रस्तावापेक्षा साधारण २ लाख ९६ हजार कमी. यात दोन बैठका गेल्या. तिसऱ्या ओळीला पाच लागल्या.

तिसरी ओळ म्हणजे ‘स्ट्रक्चरल दुरुस्ती मालकाकडे, बाकी वापरणाऱ्याकडे’. हे वाक्य इतक्या करारांत आहे की डोळे त्यावरून घसरतात. वाचताना न्याय्य वाटतं. मोठं ते मालकाचं, बारीक ते आपलं. पण ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये छताला परातीएवढा पिवळट डाग होता, कडेला पोपडे सुटले होते, आणि फॉल्स सीलिंगची एक पाटी फुगून खाली आली होती. मी मित्राला विचारलं, ‘वर गच्ची आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग स्ट्रक्चरल आहे का?’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘खरं सांगायचं तर नाही. स्ट्रक्चर म्हणजे कॉलम, बीम, स्लॅब, पाया. स्लॅब ठणठणीत आहे. त्यावरचा कोबा गेलाय. वॉटरप्रूफिंगला मी माझ्या रिपोर्टात कधीच स्ट्रक्चरल लिहीत नाही.’ म्हणजे ज्या माणसाचा धंदाच स्ट्रक्चरचा, त्याच्याच व्याख्येनं गळतीचा खर्च त्याच्या गळ्यात पडत होता.

इथं कायद्याचा आधार वाटतो तेवढा नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर जागा जशी मिळाली तशी सांभाळून परत देणं हे पट्टेदाराचं कर्तव्य आहे, नेहमीच्या वापरानं होणारी झीज सोडून. दुरुस्ती करून देण्याचं सरसकट बंधन तो कायदा मालकावर घालत नाही. भाडे नियंत्रण अधिनियमातलं कलम १४ वेगळं आहे. त्यात जागा चांगल्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्यानं ती टाळली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. फार समंजस तरतूद आहे. पण ती भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला तसं हवं असेल तर करारात लिहून घ्यावं लागतं.

म्हणून आम्ही ‘स्ट्रक्चरल’ हा शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी पाणी कुठून येतं हे लिहायचं ठरवलं. ते ठरवण्याची पद्धत प्लंबरला आणि गवंड्याला चांगली ठाऊक असते, वकिलांच्या मसुद्यात मात्र ती क्वचित उतरते. डाग फक्त जून ते सप्टेंबरमध्ये वाढत असेल आणि वर गच्ची असेल तर पाणी गच्चीचं. बारा महिने सारखीच ओल राहत असेल तर ते वापराचं पाणी, म्हणजे नळ, संडास किंवा बेसिनच्या पाइपाचं. ओल खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी उतरत असेल तर बाहेरच्या प्लास्टरला तडा गेलेला असतो. डाग एसीच्या आसपास आणि उन्हाळ्यात दिसत असेल तर गच्चीला दोष देऊ नये, एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते. शंका राहिलीच तर पावसाळ्याआधी गच्चीवर बांध घालून दोन-तीन दिवस पाणी साठवतात, त्यात रंग टाकतात, आणि खाली रंग उतरतो का ते पाहतात.

मित्राचा डाग जुलैत वाढला आणि दिवाळीपर्यंत सुकला. पाणी गच्चीचं होतं. पण गच्ची काकांचीही नव्हती, सोसायटीची होती. आणि इथंच बहुतेक करार फसतात. गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीनं करायची, आणि गाळ्याच्या आतल्या नळ-संडासाच्या गळतीची ज्याची त्यानं, अशी विभागणी सोसायट्यांच्या उपविधींत साधारणपणे असते. मात्र सोसायटीशी नातं सभासदाचं, म्हणजे काकांचं. जागा वापरणाऱ्याचं पत्र कमिटीनं उघडून पाहिलं नाही तरी त्याला फार काही करता येत नाही. काका प्रामाणिकपणे म्हणत, ‘मी सोसायटीला सांगितलंय.’ सोसायटी म्हणे, ‘निधी जमला की करू.’ आणि मधल्या काळात चौदा माणसं मीटिंगला बादली बाजूला सरकवून बसत होती.

मग कलम असं झालं. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामायिक पाइपांमधून येणाऱ्या पाण्याच्या दुरुस्तीचा पाठपुरावा काकांनी करायचा आणि सोसायटीकडे लेखी तक्रार ३१ जानेवारीपर्यंत द्यायची. काम १५ मे पर्यंत व्हावं, कारण पुण्यात जूनमध्ये पाऊस लागला की ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करून उपयोग नसतो आणि गोष्ट पुढच्या वर्षावर जाते. गळतीमुळे ऑफिसच्या आत जे खराब होईल, रंग, प्लास्टर, फॉल्स सीलिंग, ते काकांनी दुरुस्त करायचं, मग सोसायटी त्यांना ते देवो वा न देवो. आणि एखादी खोली वापरता येत नसेल तर तिच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात भाडं कमी. कॉन्फरन्स रूम दीडशे फुटांची, म्हणजे हजारातला पंधरा टक्के भाग. बंद राहिली तर महिन्याला १२,६०० रुपये कमी.

या शेवटच्या अटीवर काका दुखावले. ‘पाच वर्षांत मी तुमचा एक रुपया बुडवला का?’ मित्र म्हणाले, ‘नाही काका. पण सोसायटीला हलवायला तुमच्या हातात काहीतरी हवं ना?’ आणि त्यांनी एक चांगलं काम केलं. स्वतःच गच्चीची पाहणी करून फोटोंसह चार पानांचा रिपोर्ट काकांच्या नावानं लिहून दिला, फुकट. कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात तडा, पावसाचं पाणी वाहून नेणारी जाळी कचऱ्यानं बुजलेली, एका कोपऱ्यात उतार उलटा. काका तो रिपोर्ट घेऊन कमिटीसमोर गेले. भाडं कमी होण्याची अट आणि तो रिपोर्ट, या दोन्हीमुळे त्यांची तक्रार पहिल्यांदाच वजनदार झाली.

कलम १४ मधली युक्तीही आम्ही करारात आणली. पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊनही काकांच्या वाट्याची दुरुस्ती झाली नाही तर मित्रांनी करून घ्यावी, बिल दाखवावं आणि भाड्यातून वळती करावी. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे पहिल्या वर्षी २ लाख ५२ हजार. कायद्यातलाच आकडा आहे म्हटल्यावर काकांनी हरकत घेतली नाही.

आतल्या गोष्टींसाठी रकमेची रेघ पुरते. एका वेळचं काम ७,५०० रुपयांच्या आत असेल तर मित्रांचं, वर गेलं तर काकांचं, मात्र चुकीच्या वापरानं बिघडलं नसेल तर. नळ, दिवे, कुलपं, दाराचे क्लोजर या रेघेखाली येतात. पाइप बदलणं, मुख्य वायरिंग, मीटरपासून डीबीपर्यंतची केबल वर जातात. काकांच्या चार जुन्या एसींचा प्रश्न मात्र रेघेनं सुटत नव्हता. सर्व्हिसिंग वापरणाऱ्यानं करायचं हे बरोबर, पण आठ वर्षांच्या मशीनचा कॉम्प्रेसर गेला तर ती दुरुस्ती म्हणायची की नवं मशीन? शेवटी काका आपले एसी काढून घेऊन गेले आणि मित्रांनी स्वतःचे बसवले, जाताना नेण्याच्या बोलीवर. वाद मिटवण्याचा हा जरा महाग मार्ग होता, पण दरवर्षीचं भांडण तरी संपलं.

आता त्या ओळीकडे येतो जी पत्रात नव्हतीच. ती पत्रासोबतच्या मसुद्यात होती, पाचव्या पानावर, बारीक टाइपात: जागा सुस्थितीत मिळाल्याचं परवानाधारकास मान्य आहे आणि मुदतीअखेर ती त्याच स्थितीत परत करण्यात येईल. पहिल्या करारात हे वाक्य निरुपद्रवी असतं, कारण तेव्हा जागा खरंच रंगवून मिळालेली असते. नूतनीकरणात तेच वाक्य कॉपी होऊन येतं आणि अर्थ बदलतो. नवा करार म्हणजे नवी सुरुवात. त्यावर सही केली की छतावरचा डाग, उखडलेली फरशी, पाच वर्षांची झीज, सगळं कागदोपत्री ‘सुस्थितीत’ जमा होतं. २०३० च्या डिसेंबरात डिपॉझिट परत मागताना तेच वाक्य पुढे येतं. काकांच्या मनात तसं काही नव्हतं. एजंटाकडची जुनी फाइल उघडून नावं आणि तारखा बदललेल्या होत्या, एवढंच.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण पक्का आहे. मसुद्यातलं ते वाक्य बदलून ‘जागा सोबतच्या परिशिष्टात दाखवलेल्या स्थितीत आहे’ असं केलं आणि परिशिष्टात बावीस फोटो लावले, प्रत्येकाला क्रमांक आणि तारीख. डिपॉझिटचंही एक वाक्य घातलं, की आधीच्या कराराखाली दिलेले पाच लाख काकांकडेच असून ते या करारात वर्ग केले आहेत. हे न लिहिल्यास जुन्या करारातली पावती जुन्या करारातच राहते.

नोंदणीचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नसतो. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला महाराष्ट्रात एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. इथं ५५ लाख ७० हजार अधिक अडीच लाख, म्हणजे शुल्क साडेचौदा हजारांच्या आसपास, वर नोंदणी फी एक हजार. तेवढे वाचवण्यासाठी नोटरीवर भागवणारे मालक अजून भेटतात. त्यांना भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ५५ दाखवावं. नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत जागा वापरणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

नोंदणी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ऑफिसातच झाली. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. काकांचा अंगठा दोनदा लागला नाही, वयानं रेषा पुसट झाल्यात म्हणाले. कॉन्फरन्स रूममध्येच सगळे बसले होते. तिसऱ्यांदा अंगठा ठेवण्याआधी काकांनी वर पाहिलं.

‘हा डाग फोटोत घेतलाय ना?’

‘घेतलाय काका. क्रमांक सात.’

‘मग हरकत नाही,’ म्हणून त्यांनी अंगठा टेकवला.